तीन रकाने आणि काकांचं अक्षर

काकांवर माझा दात होता, तो उगाच नाही. काका म्हणजे नात्याने नव्हे, सगळं कॉलेजच त्यांना तसं म्हणतं; जीवशास्त्राचे ते सर्वांत जुने प्राध्यापक, आणि मी दरवर्षी मुदत वाढवून मिळेल या आशेवर जगणारी कंत्राटी बाई. दोघंही बनारसचे मराठी. त्यांचं घर ब्रह्माघाटाकडे, आमचं दुर्गाघाटाच्या गल्लीत. माझे वडील घाटावर श्राद्धं सांगतात. एकदा भर स्टाफरूममध्ये काका हसत म्हणाले, "अगं, भटाची पोर तू, पिंडदान शिकव. पेशी कशाला शिकवतेस?" सगळे हसले. मीही हसले, मेलं, दुसरं काय करणार? पण मनात म्हटलं, थांबा काका, तुम्हाला पाणी पाजीन.

संधी त्यांनीच दिली. ऑगस्टात एका मुलीच्या वहीत मला त्यांच्या टिपणांची झेरॉक्स दिसली. मुली वर्गात माझं ऐकत आणि परीक्षेला काकांचं पाठ करत. त्यात एक तक्ता होता: रेप्लिकेशन म्हणजे डीएनएची नक्कल, ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डीएनएवरून आरएनए, ट्रान्सलेशन म्हणजे आरएनएवरून प्रथिन; पुढे रकाने 'काय' आणि 'कुठे'. डीएनएपुढे केंद्रक. ठीक. आरएनएपुढे पेशीद्रव्य. प्रथिनापुढे, उदाहरणादाखल इन्सुलिन, म्हणून रक्त!

मला लगेच कळलं. काका मूळचे झाडापानांचे माणूस. त्यांनी वस्तू शेवटी कुठे सापडते ते लिहिलं होतं, बनते कुठे ते नाही. आरएनए केंद्रकातच बनतो, डीएनएवरून वाचून. मग बाहेर पेशीद्रव्यात येतो. तिथे रायबोसोमवर त्याच्यावरून प्रथिनाची साखळी बनते. इन्सुलिन रक्तात जातं ते बनून झाल्यावर.

तेव्हाच मुलीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वही परत दिली आणि अंतर्गत परीक्षेला सर्वांत जास्त गुणांचा प्रश्न काढला: माणसाच्या पेशीत, मायटोकॉन्ड्रिया सोडून, या तीन क्रिया कुठे होतात आणि प्रत्येकीतून काय तयार होतं?

व्हायचं तेच झालं. पेपरामागून पेपर तीच चूक, तोच क्रम. ट्रान्सक्रिप्शन पेशीद्रव्यात. ट्रान्सलेशन रक्तात! काहींनी त्यावर आणखी कळस चढवला: रायबोसोमपाशी तीन तऱ्हेचे आरएनए हजर असतात एवढं त्यांना आठवत होतं, म्हणून ट्रान्सलेशनमधून आरएनएच तयार होतो असं ठोकून दिलं. निम्म्याहून जास्त वर्ग नापास. लाल पेन चालवताना मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत होती मजा.

काका तडक प्राचार्याबाईंकडे गेले. म्हणाले, इनको पढ़ाना नहीं आता, पुढच्या वर्षी मुदत वाढवू नका. बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मी घरून नवी साडी नेसून गेले होते, लाज काय ती नाही.

"काका," मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "तुम्हीच एकदा फळ्यावर उत्तर लिहून दाखवा ना. माझं काय चुकलं ते कळेल."

त्यांनी खडू उचलला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोच तक्ता लिहिला. मी लिहू दिला, अगदी 'रक्त' या शब्दापर्यंत.

"डीएनए तर केंद्रकातून बाहेर येत नाही," मी म्हटलं. "मग पेशीद्रव्यात बसून आरएनए कशावरून लिहिला जातो, काका?"

त्यांनी खडू ठेवून दिला. त्यांच्या मानेपर्यंत लाली चढली. मी झेरॉक्स टेबलावर ठेवली, शेजारी मुलींचे पेपर ठेवले. प्राचार्याबाईंनी एक एक चाळला आणि काकांकडे बघितलंच नाही. अहाहा! ते पंधरा मिनिटांचं सुख मी कुणाला विकणार नाही.

मुदतवाढीचं पत्र मिळालं. बाईंनी विचारलं, मुलींचं काय करायचं, हा प्रश्न रद्द करायचा का? मी म्हटलं, प्रश्न बरोबर आहे, गुण तेच राहू देत. प्रश्न रद्द झाला असता तर काकांची चूक कागदावर राहिली नसती ना!

दुसऱ्या दिवशी शिपायाने प्राचार्याबाईंच्या नावचा एक अर्ज सहीसाठी आणून दिला. काकांचं तेच गोल अक्षर. 'चूक माझ्या टिपणांतली आहे. बाईंनी वर्गात नीट शिकवलं होतं, याची मी मुलींना विचारून खात्री केली आहे. मुलींचा यात दोष नाही, त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी. त्याआधी हा भाग मी त्यांना स्वतः पुन्हा शिकवीन.'

पेपर माझा, म्हणून खाली माझ्या सहीला जागा सोडली होती. शिपाई उभा होता. टिपणांतली चूक मला ऑगस्टापासून ठाऊक होती, हे त्या अर्जात कुठेच नव्हतं, कारण काकांना ते माहीत नव्हतं.

सही केली. पण त्या म्हाताऱ्याने माझा सूडसुद्धा धड पुरा होऊ दिला नाही, याचा राग आजही जात नाही.