सेलवर कूपन

सेक्टर दोनमधल्या दादाच्या क्वार्टरमधून मी आणि वहिनी कोशा रेशमाच्या ओढण्या आणि स्टोल ऑनलाइन विकायचो. दिवाळीला सगळ्या दुकानावर वीस टक्के सेल लावला. वहिनीला त्यावर जुन्या गिऱ्हाइकांसाठी वीस टक्क्यांचं कूपनही हवं होतं.

मी घाबरले. "हजाराची ओढणी सेलमध्ये आठशेले, अन् कूपन लागल्यावर सहाशे चाळीसले जाईन. आपल्याले कुरिअर, पॅकिंग, फी धरून सातशेले पडते."

"मंग कूपनले मर्यादा घाल," वहिनी म्हणाली. "वीस टक्के, पण जास्तीत जास्त पन्नास रुपये. अन् स्टोलवर कूपनच नको, त्याईचा नफा सेलमध्येच संपते."

मी तसं केलं. आधी आम्हीच कार्टमध्ये ओढणी टाकून पाहिली. रक्कम साडेसातशे आली. स्टोलवर कूपन लागलंच नाही. मग कूपनचा कोड सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना पाठवला.

चहा उकळायच्या आत पहिली ऑर्डर आली, मग दुसरी, मग फोन थांबेचना. प्रत्येकीवर थोडा का होईना, नफा उरत होता. ड्युटीवरून आलेल्या दादाने दारातच विचारलं, "तुमी दोघी कावून हसून राहिल्या?"

वहिनीने त्याच्या हातात टेप दिली आणि खोकी बंद करायला बसवलं.