दहा सेकंदांची मालगाडी

जाफराबादला रेल्वे नाही. रूळ बघायचे तर जालन्याला जायचं, तेही शेअर जीपमध्ये गुडघे छातीशी घेऊन. तरी आमच्या गावात रोज सकाळी गाड्यांवर गाड्या धावतात. पोरापोरींना सरकारी नोकरी हवी असते, आणि नोकरीच्या प्रत्येक परीक्षेत एक तरी गाडी खांबाला, फलाटाला नाही तर दुसऱ्या गाडीला ओलांडत असते. बसस्थानकाजवळच्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये मी या गाड्या शिकवते. निम्म्या वर्गाने गाडीत पाय ठेवलेला नसतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. राग आला तो गाडीत बसूनही खिडकीबाहेर न बघणाऱ्या माणसाचा.

हा माणूस म्हणजे आमच्या क्लासमालकाने जालन्याहून आणलेले शॉर्टकट सर. आठवड्यातून तीनदा यायचे, गॉगल डोक्यावर चढवून. मी दोन तास घालून शिकवलेलं ते पाच मिनिटांत पुसायचे. "दोन गाड्या, दोन लांब्या, डोळे झाका!" ते ओरडायचे आणि सगळा वर्ग त्यांच्यामागे ओरडायचा. समोरासमोर आल्या तर वेगांची बेरीज, एकाच दिशेला चालल्या तर वजाबाकी, वर दोन्ही लांब्या जोडा, भागा, पुढचा प्रश्न. दोन गाड्या एकमेकींना पूर्ण ओलांडत असतील तर हे बरोबरच आहे. चुकीचं होतं ते डोळे झाकणं.

शॉर्टकटशी माझं वैर नाही. परीक्षेत घड्याळ मानगुटीवर बसलेलं असतं, तिथे लांबलचक रीत काय कामाची? मीही पहिल्या दिवशी सांगते, ताशी अठरा किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर, एवढं एक पाठ करा. मग छत्तीसला दहा, चौपन्नला पंधरा, बहात्तरला वीस, नव्वदला पंचवीस आपोआप येतात, अपूर्णांकांशी झोंबावं लागत नाही. त्यानंतर एकच विचारायचं: काय ओलांडायचं आहे? खांब असेल तर गाडीची फक्त स्वतःची लांबी. फलाट असेल तर गाडी अधिक फलाट. आणि गाडीतला बसलेला माणूस समोरून येणारी गाडी बघत असेल, तर लांबी फक्त त्या समोरच्या गाडीची, कारण त्याच्या डोळ्यांपुढून तीच जाते. त्याची स्वतःची गाडी कितीही लांब असो, तो तिच्यात एका जागी खिळलेला आहे. सरांना मी हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मला "मॅडम, तुम्ही फार थिअरी करता" असं हसत ऐकवलं. त्या हसण्यावर डस्टर फेकून मारावंसं वाटायचं.

वर्गात एक मुलगी होती, तिला मी आवडत नव्हते. मलाही ती फारशी आवडत नव्हती. भावाच्या घरी राहायची, शेजारच्या खेड्यातून जीपने यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि शंका विचारली तरी भांडल्यासारखी विचारायची. एकदा मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पाठांतराने गाणं येतं, गणित नाही." तेव्हापासून माझ्या तासाला ती मान वर करत नसे. सरांच्या तासाला मात्र तिचा आवाज सगळ्यांच्या वर. एका सरकारी खात्याच्या भरतीचा तो तिचा शेवटचा फॉर्म होता. पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं.

लेखी परीक्षेत नेमका हा प्रश्न आला. ताशी चौपन्न किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, दीडशे मीटर लांबीच्या गाडीत एक प्रवासी खिडकीशी बसला आहे. समोरून ताशी छत्तीस किलोमीटर वेगाने अडीचशे मीटर लांबीची मालगाडी येते. ती त्याच्यासमोरून किती सेकंदांत निघून जाईल? पर्याय सहा, दहा, सोळा आणि पन्नास.

चौपन्न आणि छत्तीस, नव्वद. म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. मालगाडी अडीचशे मीटर. दहा सेकंद, बोटांवर सुटतं. पण सरांनी संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ टाकला: दीडशे अधिक अडीचशे, चारशे. भागिले पंचवीस, सोळा. डोळे झाका! पुढे तात्पुरती उत्तरतालिका आली आणि तिच्यातही सोळाच. पेपर काढणाऱ्यानेही बहुधा डोळेच झाकले होते. क्लासमालकाने सरांना हार घातला. त्याचा फोटोही मलाच काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या वर्गात शिरली. गुणांचा हिशेब लावला तर तिची निवड एका गुणाने जात होती.

"तुमच्यामुळं माझा मार्क गेला मॅडम," ती आल्या आल्या म्हणाली. "सरांच्या पद्धतीनं सोळा आल्तं. मी गोल भरणारच होते. मंग तुमचं ते आठवलं, डोळ्यापुढून काय जातंय म्हणून, आन् दहा भरलं. आता काय करू? तुम्ही देता का नोकरी?"

"उत्तर दहाच आहे," मी म्हणाले. "हरकत नोंदव. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे."

"तालिकेत सोळा हाय. सर सोळा म्हणून राह्यले. सगळी दुनिया खोटी, अन् तुम्ही एकट्याच खऱ्या का?"

माझं डोकं फिरलं. हरकत ज्याने परीक्षा दिली त्यानेच नोंदवायची असते, ती मला तिच्यासाठी करता येत नव्हती. नाहीतर हिच्या तोंडीही लागले नसते. मी पर्स उचलली, तिचा हात धरला आणि तिला ओढतच रस्त्यापलीकडच्या जीपस्टँडवर नेलं. जालन्याची जीप भरत होती. तिला मधल्या सीटवर खिडकीशी बसवलं, मी मागे टपाखाली स्वतःला कोंबून घेतलं. "कुठं नेऊन राह्यल्या मला?" ती ओरडत होती. बाकीचे प्रवासी तमाशा बघत होते.

गाव मागे पडलं आणि समोरून एसटी आली. "बघ," मी मागून म्हणाले. "बसचं तोंड तुझ्या डोळ्यापुढं आलं की एक म्हण, शेपूट गेलं की थांब." ती चिडून बघत राहिली. बस सर्रकन गेली. "आता सांग. आपल्या जीपला मागं आणखी दोन जीपा बांधल्या असत्या, वेग हाच ठेवून, तर ती बस तुझ्यासमोरून जायला जास्त वेळ लागला असता का?"

पुढे एक कापसाचा ट्रक गेला, मग एक टँकर. प्रत्येक वेळी तिचे ओठ हलताना मागून दिसत होते. पुढच्या फाट्यावर तिने जीप थांबवली आणि उतरली. मीही उतरले. परतीची जीप मिळेपर्यंत आम्ही उन्हात उभ्या होतो, ती माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, हिच्यावर इतकी शक्ती घालवली, पालथ्या घड्यावर पाणी.

पण क्लासवर परतल्यावर ती थेट सरांच्या तासात गेली. क्लासमालक तिथेच खुर्ची टाकून बसला होता. मी दारात थांबले.

"सर, त्या सोळाच्या गणितात आपली गाडी किलोमीटरभर लांब केली, वेग तेवढाच ठेवला, तर मालगाडी जायला जास्त टाइम लागंल का? माणूस तर एकाच खिडकीत हाय."

सर हसले. "गाडी लांब करायला तू काय रेल्वेमंत्री लागून गेलीस का?"

वर्ग फिदीफिदी हसला. ती तशीच उभी. "तुम्ही उत्तर द्या ना."

"उत्तर तालिकेत आलंय. तालिकेपुढं शहाणपण चालत नसतं. मॅडमनी कान भरले वाटतं तुझे?" त्यांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

क्लासमालक उठला. "हे बघ बाई, हरकत-बिरकत घेऊ नको. आपल्या बाकी सगळ्या पोरांनी सोळाच भरलंय. तालिका बदलली तर त्यांचे मार्क जातील. एकटीसाठी सगळ्यांचं वाटोळं करती का?"

तिचा चेहरा लाल झाला होता. रडते की काय असं वाटलं. "मी कुणाचं वाटोळं करून न्हाई राह्यले," ती म्हणाली. "तुम्ही करून राह्यले." आणि फळ्यावरचं सोळा हाताच्या तळव्याने पुसून बाहेर पडली. माझ्या अंगावरून जाताना थबकली. "तुमच्यासाठी न्हाई करत हे. समजून असा."

हरकत तिने मोबाइलवर भरली. पुरावा म्हणून एका जुन्या अंकगणिताच्या पुस्तकाचं पान जोडायला मी दिलं. तिने ते घेतलं, आभार मानले नाहीत.

अंतिम तालिकेत दहा आलं. तिचा एक गुण परत आला आणि निवड झाली. ज्यांनी सोळा भरलं होतं त्यांचा गुण गेला. त्यातले काही माझ्या वर्गात येऊन मला वाटेल ते बोलले. मी ऐकून घेतलं नाही, दुप्पट ऐकवलं. डोळे झाकायला मी सांगितलं होतं का? सरांचा व्हिडिओ गुपचूप नाहीसा झाला.

आणि आठवड्याच्या आत जीपस्टँडवर फ्लेक्स लागला. डावीकडे गॉगलवाले सर, उजवीकडे तिचा फॉर्मवरचा फोटो, वर मोठ्या अक्षरात "शॉर्टकटची कमाल". उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणतात, इथे तर चक्क छापून लावली होती. मी क्लासमालकाशी भांडले. तो म्हणाला, "मॅडम, मुलगी क्लासचीच ना? बराबर हाय मंग." त्या रात्री मी मनातल्या मनात त्या फ्लेक्सवर माझा फोटो लावून पाहिला. छान दिसत होता.

ती कागदपत्रांसाठी जालन्याला निघाली त्या सकाळी मी स्टँडवर होते. ती आली, फ्लेक्ससमोर उभी राहिली, पिशवीतून ब्लेड काढलं आणि सगळ्यांदेखत आपला चेहरा चौकोनी कापून घेतला. सर तसेच हसत राहिले, शेजारी भोक. चहावाला ओरडला, तिने लक्ष दिलं नाही. मग ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता तरी पाया पडेल. पडली असती तर मी तिला माफ करायला तयारच होते.

तिने तो फ्लेक्सचा तुकडा माझ्यासमोर धरला आणि मी हात पुढे करताच दुमडून पिशवीत टाकला.

"तुम्हीबी लावू नका कुठं," ती म्हणाली. "गोल मी भरला होता."

आणि जीपमध्ये खिडकीशी जाऊन बसली.