न वाजलेली आठवण

आईला बीपीच्या गोळीची रोज आठवण करून देणारं अ‍ॅप मीच बनवलं होतं, आणि तेच वाजेना. चरफडत आईच्या गावी, आंजीला गेले, तिचा मोबाईल लॅपटॉपला जोडला. वेळ बरोबर, टाइमझोन भारताचाच. अ‍ॅपच्या लॉगमध्ये तर रोज सकाळी सूचना पाठवल्याची नोंद! माझं डोकंच फिरलं. शेवटी परवानग्या उघडल्या. सूचना दाखवायची परवानगीच नाकारलेली होती, म्हणून फोन प्रत्येक सूचना मुकाट गिळत होता.

"आई, इथं 'नाई' काऊन दाबलं?"

"तूच सांगतलं होतं ना, मोबाईलनं काई इचारलं तं 'नाई' म्हणजो."

मी परवानगी चालू केली.

"मंग आता इचारलं तं काय म्हणू?"

मी लॅपटॉप मिटला.