उतरलेला आकडा

रखमाजी खरात जालन्यातल्या एका तेलगिरणीत केमिस्ट होता. १९७४च्या उन्हाळ्यात त्यानं साठवणीतल्या करडई तेलाचा पेरॉक्साइड आकडा काढला, तो फार चढलेला निघाला. तेल खवट होत होतं. मालक म्हणाले, "पावसाळ्यानंतर परत बघ."

पावसाळा सरल्यावर परत बघताना त्यानं तेल क्लोरोफॉर्म आणि ॲसिटिक आम्लात विरघळवून पोटॅशियम आयोडाइड घातलं. सुटलेल्या आयोडिननं द्रावण फिकट पिवळं झालं. पाणी घालून त्यानं ब्युरेटच्या मोजनळीतून आयोडिन मारणारं थायोसल्फेट थेंब थेंब सोडलं, शेवटी स्टार्च टाकला तसं द्रावण निळं झालं. पुढच्या दोन-चार थेंबांतच निळा रंग उडाला; थायोसल्फेट थोडंच लागलं होतं. आकडा हद्दीत होता.

"म्हंजे तेल बराबर झालं की!" मालक खूश झाले.

तेल असं बरं होत नसतं, हे रखमाजीला ठाऊक होतं. जुनाट तेलातली पेरॉक्साइडं फुटतात, म्हणून आकडा उतरतो. खवटपणा मात्र वाढतो. वास तर नाकात बसला होता. तरी त्यानं तेल पास केल्याची सही केली, आणि डबे तीर्थपुरीच्या वसतिगृहात गेले.

रविवारी तो तीर्थपुरीला गेला. स्वयंपाकीण साळूबाई म्हणाली, "पोरं भाजी टाकून उठून राह्यलीत, साहेब. माझाच हात बिघडला."

"तुमचा हात न्हाई बिघडला, मावशी. तेल खराब हाये, अन् मीच ते पास केलं."

रखमाजीनं डबे परत आणले, मालकांची बोलणी खाल्ली, तेल साबणवाल्याला द्यायला लावलं. पण साळूबाईनं उगाच स्वतःला दिलेला दोष त्याला कितीतरी दिवस टोचत राहिला.