डावी बाजू

लग्न ठरलं तेव्हा आईने मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "चालताना, बसताना, निजताना बायकोनं नवऱ्याच्या डाव्या अंगाले राहावं." आई अचलपूरची. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी ती रेघ सात-आठ वर्षं इमानाने पाळली. सायकलरिक्षात डावीकडे, टॉकीजमध्ये डावीकडे, पलंगावर डावीकडे. आणि त्या इमानाचं फळ काय, तर नवरा माझ्याशी बोलेनासा झाला.

एकोणीसशे साठ-एकसष्टची गोष्ट आहे. आम्ही अमरावतीला राजापेठेत दोन खोल्यांत राहत होतो. हे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला यंत्र लावून दिवसभर अकोल्याचे, नागपूरचे ट्रंककॉल जोडून द्यायचे. घरी आले की मी निजताना दिवसभराचं सगळं सांगायची. पूर्वी हे हुंकार तरी देत. मग हुंकारही बंद झाला. भिंतीला सांगितलं असतं तर बरं, भिंतीकडून निदान अपेक्षा नसते.

एक्स्चेंजमध्ये त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर एक बाई बसायची. तिशीची, बिनलग्नाची, पांढऱ्या कॉलरचं ब्लाउज घालणारी. ह्यांना ती 'भाऊ' म्हणायची. भाऊ म्हणायचं हा तर फार जुना बहाणा आहे, असं मी तेव्हा शेजारणीला म्हटल्याचं आठवतं. एकदा डबा विसरले म्हणून मी तो द्यायला गेले, तर ती हळूच काहीतरी बोलली आणि हे खळखळून हसले. माझ्या मोठ्या बोलण्याला उत्तर नाही आणि हिच्या कुजबुजीला हसू! डबा टेबलावर आपटून मी घरी आले. त्या दिवशी भाजीत मीठ टाकलं नाही, मुद्दाम.

हे रस्त्याने चालताना माझ्या अंगावर कलायचे, तेही मला आधी लाडिकपणा वाटला. मग अंधार पडला की जास्त कलू लागले आणि माझ्या मनात दारूचा संशय आला. तोंडाचा वास घेऊन पाहिला. वास सुपारीचा.

मग त्या बाईच्या धाकट्या भावाचं अकोल्याला लग्न निघालं. मी जाणार नव्हते, पण ह्यांना एकट्याला कशी पाठवणार? एसटीने गेलो. मांडवात बँड वाजत होता आणि पंगत बसलेली. मी डावीकडे. "वरण घ्या," "पोळी गार झाली," मी बोलत राहिले. हे ताटाकडे बघत जेवत राहिले. तेवढ्यात ती बाई जिलबी घेऊन उजवीकडून आली, वाकून काही म्हणाली, आणि ह्यांनी लगेच मान वर करून ताट पुढे केलं. मी हातातला घास ताटात टाकला.

हे हात धुवायला उठले तर डावीकडे असे झुकले की पडलेच असते. मी हात पुढे करायच्या आत त्या बाईने जिलबीचं ताट खाली ठेवलं आणि ह्यांचा डावा दंड धरला. घाबरून धरला नाही, गडबडून नाही. रोजची सवय असल्यासारखा धरला. पडण्याचं मला काहीच वाटलं नाही. ती सवय मात्र काळजात सुरीसारखी गेली.

मी तिला मांडवामागच्या कोठीच्या खोलीत गाठलं. "माह्या नवऱ्याचा हात धराची एवढी सवय कावून झाली तुमाले?"

ती म्हणाली, "वैनी, तुमाले मालूम नाई का? भाऊचा डावा कान गेला हाये. दोन वर्सं होऊन रायले."

ती सांगत गेली. आधी डाव्या कानात सतत सूं असा आवाज. मग फोनवर आवाज यायचा, पण शब्द लागायचा नाही. ह्यांनी यंत्र उजव्या कानावर घेतलं. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, म्हणून कोणाला सांगायचं नाही. गोंगाटाच्या लाइनी ती स्वतः घ्यायची. अलीकडे जिना उतरताना तोल जायचा, म्हणून ती डावीकडून दंड धरून उतरायची.

दोन वर्षं! माझ्या नवऱ्याचा कान गेला, आणि ते परक्या बाईला माहीत, मला नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची काळजी वाटली नाही. नुसता जळफळाट झाला.

"मले कावून नाई सांगतलं त्यायनं?"

ती म्हणाली, "मी म्हटलं होतं, वैनीले सांगा. त भाऊ म्हणे, सांगतलं त ती निजताना बोलणं बंद करन. उजवा कान उशीत असते, शब्द नाई समजत, पण तिची गुणगुण येते कानात. तेवढी राहू द्या."

मी रडले. पण रडतानाही मनात होतंच, की एवढी गोड गोष्ट मला हिच्या तोंडून ऐकावी लागली.

दुसऱ्या दिवशी अकोल्यातच कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. अमरावतीला एकाने कानातला मळ काढून दिला होता, तेवढ्यावरच हे थांबले होते. ह्या डॉक्टरांनी लोखंडी चिमटा वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज कुठे येतो? उजव्या कानात, हे म्हणाले. मग कापसाचं टोक उजव्या डोळ्याच्या बुबुळाला हलकेच लावलं, पापणी झटकन मिटली. डाव्या डोळ्याला लावलं, तर ती जागची हलली नाही म्हटलं तरी चालेल. उजव्या कानात गार पाणी सोडलं तर ह्यांना गरगरलं. डाव्यात सोडलं, काहीच नाही.

"बिघाड कानात नाई, कानामागं हाये," डॉक्टर म्हणाले. "ऐकाची अन् तोल सांभाळाची नस असते, तिच्यावर गाठ वाढून रायली. कॅन्सर नाई. लय हळू वाढते. पण मेंदूले दाबाच्या आधी काढा लागते. मुंबईले जा."

मुंबईला डोक्याचे एक्स-रे फोटो काढले. नस हाडातल्या ज्या भोकातून जाते ते डावीकडचं भोक मोठं झालेलं दिसलं. सर्जननी स्पष्ट सांगितलं, गेलेला कान परत येणार नाही, तोंडाची नस गाठीला चिकटलेली असेल तर तोंड वाकडं होईल, आणि जिवाची खात्री देता येत नाही. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात बसून मी दिवसभर देवाकडे एकच मागितलं. नुसते परत द्या, बोलले नाही तरी चालतील.

परत मिळाले. डावा गाल लोंबलेला, डावा डोळा मिटत नव्हता. डाव्या कानात आता गुणगुणसुद्धा नाही. राजापेठेत आल्यावर मी रोज त्यांच्या डावीकडे बसून डोळ्यात थेंब टाकायची आणि पट्टी बांधायची. उजवीकडे बसत जा, असं हे म्हणायचे. बोलायला मी बसायचेही. पण जे तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, त्याला डावी बाजूच बरी होती.

एका सकाळी हे उजवा कान उशीत दाबून पडले असताना पट्टी बांधता बांधता त्या मेलेल्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "मी तुमच्यावर लय संशय घेतला. तुमचा कान जाऊन रायला होता, अन् मी अळणी भाजी घालून रायली होती. माफ करा मले."

हे खिडकीकडे बघत राहिले. ऐकू येणारच नव्हतं.

मागे काहीतरी वाजलं. वळून पाहिलं, तर दारात ती एक्स्चेंजवाली बाई, हातात वरूडच्या संत्र्यांची पिशवी, डोळे भरलेले. तिने सगळं ऐकलं होतं. ह्या खेपेलाही तिलाच आधी कळलं.