पिशवीचा नंबर

राजापेठेतल्या छोट्या ऑफिसात बसून मी अकोल्याच्या एका रक्तपेढीचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. एका दुपारी तिथल्या तंत्रज्ञ ताईंचा फोन आला.

"भाऊ, पिशवीचा नंबर टाकला का पान नुसतं फिरून राहिलं. पेशंटचा बाप समोर उभा हाय. कावून असं?"

"नेट पाहा ना, ताई."

"नेट चांगलं हाय. तुमी तुमचं पाहा."

सर्व्हरवरच्या नोंदी, म्हणजे लॉग, पाहिला. पिशवीची माहिती मागणारी क्वेरी तीस सेकंदांत उत्तर न आल्यानं टाइमआउट होऊन तुटत होती. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. मी खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो. शेवटी डेटाबेस माहिती कशी शोधतो ते दाखवणारा एक्झिक्युशन प्लॅन काढला. एका पिशवीसाठी डेटाबेस रक्ततपासण्यांचं अख्खं टेबल, लाखो ओळी, वाचत होता. पिशवीच्या नंबरावर इंडेक्सच नव्हता, पुस्तकामागच्या सूचीसारखी थेट जागा दाखवणारी यादी. टेबल मीच बनवलं होतं. नोंदी थोड्या होत्या तोवर काही जाणवलं नव्हतं.

इंडेक्स बनवायची आज्ञा दिली आणि तो तयार होईपर्यंत मी फोन कानाला लावून येरझाऱ्या घातल्या. मग प्लॅन पुन्हा काढला. आता तो इंडेक्स वापरत होता.

"उघडलं!" ताई म्हणाल्या.

"ताई, उगाच नेटचं नाव घेतलं. चूक माझीच होती."

"ते मंग बोलू. आधी पिशवी देऊ द्या."