हुमतनाम् ही आज्ञा नव्हे

लातूरच्या कॉलेजात मी आणि माझी मैत्रीण, दोघी संस्कृत शिकवतो. पारशांच्या अवेस्तातल्या एका प्राचीन सूक्तातली ओळ मी तिला समजावली होती: 'हुमतनाम् हूख्तनाम् ह्वर्श्तनाम्'. लोक तिचा अर्थ 'चांगला विचार करा, चांगलं बोला, चांगलं वागा' असा सांगतात.

मी म्हणाले, "ही आज्ञा न्हाई. 'नाम्' ही संस्कृतासारखी षष्ठी हाय आणि ओळीच्या पुढच्या भागात 'मही' येतं, म्हणजे 'आम्ही आहोत'. यज्ञाला जमलेले लोक म्हणतात, इथं आणि इतरत्र, होत असलेल्या आणि झालेल्या चांगल्या विचारांची, शब्दांची, कृत्यांची स्तुती करणारे आम्ही आहोत. चांगल्याची निंदा करत न्हाई."

महिन्याभरानं नांदेडच्या परिसंवादात तिनं हेच 'माझं संशोधन' म्हणून वाचलं. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी विचारलं, तर हसून म्हणाली, "ज्ञान तुझ्या एकटीचं हाय का, बाई?"

"न्हाई. पण दुसऱ्यानं केलेल्या चांगल्याला चांगलं म्हणावं, हेच त्या ओळीत हाय. अन् तू माझं नावसुद्धा घेतलं न्हाईस."

ती फोन कानाला लावून निघून गेली.

अजूनही आमची टेबलं शेजारी आहेत. डबा उघडला की ती मला हाक मारते. मी वर्गावर निघून जाते.